इलॅस्टिक दोऱ्याच्या चुण्या: आधी सैल, वाफेनंतर घट्ट

उन्हाळी फ्रॉकच्या छातीवर बारीक चुण्यांच्या ओळी असतात. त्या घरच्या मशीनवर कशा घालायच्या, ते आज पाहू.

इथे ब्रिटनमध्ये दुकानात 'शिरिंग इलॅस्टिक' मागा. हा दोरा फक्त बॉबिनमध्ये भरायचा. वर सुईत नेहमीचाच दोरा. बॉबिन हातानेच भरा, दोरा न ताणता. मशीनवर भरलात तर तो कुठे जास्त, कुठे कमी ताणला जातो आणि चुण्याही तशाच कमीजास्त पडतात.

टाका लांब ठेवा, साधारण ४ मिलिमीटर. कापडाची सुलट बाजू वर ठेवून शिवा, म्हणजे इलॅस्टिक आतल्या बाजूला जाईल. पहिली ओळ खडूने सरळ आखून घ्या. पुढच्या ओळी मशीनच्या फूटची कड आधीच्या ओळीवर ठेवून मारा. दुसऱ्या ओळीपासून कापड दोन्ही हातांनी ताणून सपाट धरा. हे चुकलं की जमलेल्या चुण्या टिपेत अडकतात आणि ओळ वाकडी जाते. प्रत्येक ओळीआधी बॉबिन पाहा, कारण जाड दोरा लवकर संपतो. ओळीच्या दोन्ही टोकांना उलटी टीप द्या, नाहीतर इलॅस्टिक आत सरकेल.

पहिल्या एकदोन ओळींनंतर कापड जेमतेम आकसलेलं दिसेल. उसवू नका. ओळी वाढतील तसं ते आवळत जातं, आणि उरलेलं काम वाफ करते. तुकडा उलटा ठेवा, वाफेची इस्त्री बोटभर वर धरून फिरवा. कापडावर टेकवू नका. चुण्या चपट्या होतील. गरम वाफेने इलॅस्टिक आकसतं, आणि ते डोळ्यांदेखत दिसतं.

किती आकसेल हे कापडावर आणि मशीनवर अवलंबून असतं, म्हणून आधी नमुना करा. समजा मुलीच्या छातीचा घेर ६० सेंटिमीटर आहे आणि धुऊन घेतलेलं सुती कापड ११० सेंटिमीटर रुंद. त्याच कापडाच्या २० सेंटिमीटर तुकड्यावर सहा ओळी मारा, वाफ द्या, मग मोजा. तो १० भरला, तर अख्खं कापड शिवणीची जागा सोडून साधारण ५४ होईल. अंगाला हलकं धरून बसेल, काचणार नाही. पण तुकडा १४ च भरला, तर घेर ७५ च्या आसपास जाईल आणि फ्रॉक खाली घसरेल. अशा वेळी बॉबिनच्या डबीचा छोटा स्क्रू किंचित आवळा आणि नवा नमुना करा.

नमुना जमला की आधी वरची कड दुमडून शिवा, मग सगळ्या ओळी मारा, वाफ द्या आणि शेवटी बाजूची शिवण घाला. त्या शिवणीत इलॅस्टिकची सगळी टोकं पकडली गेली आहेत ना, एवढं बघा.