यादी न लिहिता क्रमांक

‘मतलब’ या शब्दात चार अक्षरे आहेत. त्यांची अदलाबदल करून होणारी सगळी रूपे, अर्थपूर्ण असोत वा नसोत, शब्दकोशाच्या क्रमाने लिहिली तर ‘मतलब’ कितव्या ओळीवर येईल? रूपे एकूण 24, म्हणजे कागद-पेन घेऊन बसले तरी उत्तर मिळेल. पण सात वेगळी अक्षरे असतील तर रूपे होतात 5040, आणि तेव्हा यादी लिहिणे कुणाच्याच आवाक्यात राहत नाही. मग फक्त एवढेच मोजायचे, की आपल्या शब्दाच्या आधी किती रूपे येऊन गेली.

वर्णमालेप्रमाणे ही अक्षरे लागतात त, ब, म, ल. आपला शब्द ‘म’ने सुरू होतो, म्हणजे ‘त’ने आणि ‘ब’ने सुरू होणारी सगळी रूपे त्याच्या आधी. पहिले अक्षर ठरले की उरलेली तीन 3 × 2 × 1, म्हणजे 6 प्रकारे मांडता येतात. दोन अक्षरांची मिळून 12 रूपे मागे पडली. आता ‘म’ बाजूला ठेवू. उरले त, ब, ल. शब्दात पुढे ‘त’ आहे, त्याच्या आधीचे यांत काहीच नाही, म्हणून इथे शून्य. मग उरले ब आणि ल. शब्दात ‘ल’ आहे, त्याच्या आधी ‘ब’ येतो, म्हणून आणखी एक रूप मागे पडले: ‘मतबल’. एकूण 13 रूपे आधी, म्हणून ‘मतलब’ चौदावा. शेवटी हा एक मिळवायला विसरणे ही नेहमीची चूक. शंका आली तर यादीतल्या पहिल्याच रूपावर रीत चालवून पाहावी. उत्तर 1 यायला हवे, 0 आले तर तो एक राहून गेला.

अक्षरे पुन्हा पुन्हा येत असतील तर जरा जपून. ‘पटपट’मध्ये दोन प आणि दोन ट आहेत. रूपे चोवीस नव्हे, सहाच होतात, कारण दोन ‘ट’ आपसांत बदलले तरी शब्द तोच राहतो. ‘ट’ने सुरू होणारी रूपे मोजताना उरतात ट, प, प. त्यांच्या मांडण्या तीनच: टटपप, टपटप, टपपट. पुढे ‘पटटप’ हे एक रूप आधी येते, म्हणून ‘पटपट’ पाचवा (आणि ‘टपटप’ दुसरा). चारही अक्षरे वेगळी धरली तर पहिल्याच पायरीला 12 येतात. एकूण सहा रूपांच्या यादीत आधीच बारा, हे दिसले की चूक कुठे झाली ते लगेच कळते.

मराठीत आणखी एक अडचण आहे, ती ‘ळ’ची. आपल्या वर्णमालेत ‘ळ’ ‘ह’नंतर येतो, पण संगणकाच्या युनिकोड तक्त्यात तो ‘ल’जवळ, ‘व’च्या आधी बसवला आहे. त्यामुळे ‘वळण’ हा शब्द सहा रूपांत आपल्या क्रमाने चौथा येतो, आणि अक्षरांचे नुसते संकेतांक लावणाऱ्या संगणकाकडून सहावा, म्हणजे शेवटचा. आकडेमोड दोन्हीकडे बरोबरच आहे, फरक आधी ठरवलेल्या क्रमात आहे. म्हणून गणित सुरू करण्याआधी अक्षरांचा क्रम लिहून काढावा.

हाच प्रश्न तेराव्या शतकात देवगिरीला, यादव राजा सिंघणाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’मध्ये सोडवला आहे. त्याच्यापुढे शब्द नव्हते, स्वरांच्या ताना होत्या. दिलेली तान प्रस्तारात कितवी, या प्रश्नाला तिथे ‘उद्दिष्ट’ म्हणतात. क्रमांकावरून तान शोधणे, हे ‘नष्ट’. त्याच्या प्रस्तारात सर्वांत सावकाश बदलतो तो उजवीकडचा शेवटचा स्वर. म्हणून ताना उजवीकडून वाचल्या आणि स्वरांचा क्रम म, ग, रे, सा असा उलटा धरला, तर तो थेट शब्दकोशाचाच क्रम होतो.

मोजणीसाठी त्याने खंडमेरू नावाचा तक्ता दिला. चार स्वरांसाठी त्यात चार स्तंभ: पहिल्यात 1, दुसऱ्यात 0 आणि 1, तिसऱ्यात 0, 2, 4, चौथ्यात 0, 6, 12, 18. ‘ग सा म रे’ ही तान घेऊ. शेवटचा ‘रे’ हा म, ग, रे असे मोजता तिसरा, म्हणून चौथ्या स्तंभातल्या तिसऱ्या घरावर खडा, 12. मग उरलेल्या स्वरांत ‘म’ पहिला, म्हणून 0. ग आणि सा यांत ‘सा’ दुसरा, म्हणून 1. पहिल्या स्तंभातला 1 ठरलेलाच, आपण शेवटी मिळवला तो. खड्यांखालच्या आकड्यांची बेरीज 14. ‘मतलब’मध्ये अक्षरांची जी मांडणी, तीच या तानेत उजवीकडून वाचलेल्या स्वरांची आहे.