रिकामं जेल: स्टोरीला एक ओळ, फीडला दहा

पीसीआर करून जेल चालवलं, तर फोटोत फक्त डीएनए लॅडर. बाकी सगळ्या लेन कोऱ्या. इन्स्टाग्राम स्टोरीवर मी लिहिलं, "लॅडर हजर, बाकी सगळे रजेवर." स्टोरीतला फोटो जेमतेम काही सेकंद दिसतो आणि 24 तासांनी जातो. बघणारे बहुतेक लॅबवालेच, त्यांना संदर्भ सांगावा लागत नाही. तिथे परिच्छेद टाकला तर वाचायला स्क्रीनवर अंगठा दाबून धरावा लागतो. कोण धरणार?

फीडवर मात्र हाच विनोद फसतो. सहा महिन्यांनी प्रोफाइलवर आलेल्या एमएस्सीच्या विद्यार्थ्याला नेमकं काय बिघडलं तेच कळत नाही. फीडच्या कॅप्शनला 2,200 अक्षरांची मुभा आहे, पण सुरुवातीचा थोडाच भाग दिसतो, उरलेलं `more` मागे लपतं. त्यामुळे "आज थोडं मनातलं" ही सुरुवात वाया जाते. मी पहिलंच वाक्य असं ठेवलं: "तीन आठवडे सॅम्पलला दोष दिला, पॉझिटिव्ह कंट्रोलकडे पाहिलंच नाही." पुढे कारण लिहिलं. कंट्रोलची लेनही कोरी, म्हणजे रिअ‍ॅक्शनच झाली नव्हती. सॅम्पलमध्ये जीन आहे की नाही, हे त्या जेलवरून सांगताच येत नाही. डीएनटीपी वारंवार वितळून-गोठून खराब झाले होते. नवे घेतल्यावर कंट्रोलचा बँड आला, सॅम्पल कोरंच राहिलं. आता कुठे त्या कोरेपणाला काही अर्थ होता.

सॅम्पलची नावं मात्र दोन्हीकडे झाकली. स्टोरी जाते, स्क्रीनशॉट राहतो.