तंजावरात वाट विचारताना

तंजावरच्या मोठ्या देवळात भोसल्यांचा इतिहास सांगणारा मराठी शिलालेख पाहून झाला की मराठी माणसाची पावलं राजवाड्यातल्या सरस्वती महाल ग्रंथालयाकडे वळतात. वाट तमिळमध्ये विचारायची असते. तमिळ आपल्याला येत नाही, पण पाचसहा शब्दांत काम भागतं.

सुरुवात हाकेने करावी. ‘अण्णा’ आणि ‘अक्का’ तिथेही थोरला भाऊ आणि थोरली बहीण. हाक मारून एक क्षण थांबावं, समोरच्याने मान वर केली की म्हणावं, ‘अण्णा, अरण्मनै एंगे इरुक्कु? कोंजम सोल्लुंगा.’ अण्णा, राजवाडा कुठे आहे? जरा सांगा. आपल्याकडे ‘सांग’ आणि ‘सांगा’ यांत जो फरक, तोच तिथे ‘सोल्लु’ आणि ‘सोल्लुंगा’ यांत. शेवटचा ‘ंगा’ गाळला की अनोळखी माणसाला अरेतुरे केल्यासारखं होतं. बाकी व्याकरण चुकलं तर चालेल, हे चुकू देऊ नये.

खरी अडचण उत्तर आल्यावर सुरू होते. भरभर बोललेल्या वाक्यातून तीन शब्द टिपायचे: ‘नेरा’ म्हणजे सरळ, ‘इडदु’ डावीकडे, ‘वलदु’ उजवीकडे. सांगणारा आपल्याकडे तोंड करून उभा असेल तर त्याचा उजवा हात आपल्या डाव्या बाजूला येतो. म्हणून त्याच्या शेजारी, तो पाहतोय त्याच दिशेला तोंड करून उभं राहावं. मग ऐकलेलं हाताने दाखवत परत म्हणावं, ‘नेरा, अप्पुरम इडदु, सरिया?’ सरळ, मग डावीकडे, बरोबर? चुकलं असेल तर तो लगेच आपला हात दुसरीकडे वळवतो.

थोडं चालून गेल्यावर दुसऱ्याला विचारावं, पण ‘राजवाडा इकडेच ना?’ असं नव्हे. अशा प्रश्नाला माणूस भिडेखातर ‘आमा’, म्हणजे हो, म्हणून जातो. प्रश्न पुन्हा कोराच ठेवावा: ‘अरण्मनै एंद पक्कम?’ कुठल्या बाजूला? त्याने आपण होऊन तीच दिशा दाखवली, तरच पहिलं उत्तर पक्कं. कुणी ‘तेरियादु’ म्हणालं तर त्याला माहीत नाही. ‘नन्री’ म्हणून आभार मानावेत आणि पुढे जावं.

कधीकधी उत्तर बरोबर असतं, प्रश्नच अपुरा असतो. तंजावरला बस स्टँड दोन आहेत. ‘पळैय’ म्हणजे जुना गावात, ‘पुदु’ म्हणजे नवा काही किलोमीटर बाहेर. नुसतं ‘बस स्टँड’ विचारलं तर दोन माणसं दोन दिशा दाखवतील आणि दोघंही खरी असतील. उत्तरं जुळली नाहीत तर तिसऱ्याला गाठण्याआधी आपलाच प्रश्न तपासा: कुठल्या गावाची बस हवी आहे, ते आधी सांगा आणि मग स्टँड विचारा.