माइक टीव्हीला नको, स्पीकरला

गणपतीच्या आधी घरोघरी दोन वस्तू येतात: चाकांचा मोठा स्पीकर आणि त्याच्यासोबत मिळालेले एक-दोन माइक. टीव्ही आधीपासून भिंतीवर असतोच. मग टीव्हीच्या मागे वाकून माइकची पिन घुसवायची जागा शोधली जाते. ती नसते, कारण टीव्ही आवाज ऐकवण्यासाठी केलेला आहे, ऐकण्यासाठी नाही. कुणीतरी यूएसबीचा माइक आणतं, पण बहुतेक टीव्ही त्याला दादच देत नाहीत. मग कुणीतरी माइक मोबाइलला जोडतं आणि मोबाइल ब्लूटूथने स्पीकरला. आता आवाज येतो, पण गाता येत नाही. आपण ओळ म्हणतो आणि तीच ओळ क्षणभराने मागून येते. ताल धरलेला हात अडखळतो, आजी म्हणते, "बंद करा ते, आपलं साधंच म्हणू या."

दोष स्पीकरचाही नाही आणि गळ्याचाही नाही. आवाज ज्या वाटेने नेला, ती वाट लांबची आहे. ब्लूटूथवर आवाज आधी आकड्यांत बांधला जातो, लहान लहान तुकड्यांत पाठवला जातो आणि पलीकडे पुन्हा उलगडला जातो. यात साधारण १०० ते २५० मिलिसेकंद जातात. गाणं नुसतं ऐकताना हे कळतही नाही. पण भजनाचा ठेका मिनिटाला १२० मात्रांचा धरला, तर एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची होते. म्हणजे २०० मिलिसेकंदांचा उशीर हा जवळजवळ अर्ध्या मात्रेचा झाला. तुलनेला हवेतला आवाज पाहा. त्याला एक मीटर जायला सुमारे ३ मिलिसेकंद लागतात. समोर तीन मीटरवर बसलेल्या टाळकऱ्याचा टाळ आपल्याला ९ मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो आणि त्याने कुणाचं काही बिघडत नाही.

आपल्या जोडणीत हा उशीर आहे का, हे तपासायला यंत्र लागत नाही. माइकसमोर एक टाळी वाजवा. एकच टाळी ऐकू आली तर ठीक. टाळीच्या मागून दुसरी आली, तर आवाज कुठेतरी वळसा घालून येतोय. स्पीकरचा इको मात्र आधी शून्यावर आणा, नाहीतर तोच फसवेल.

तेव्हा नियम एकच: माइक थेट स्पीकरला आणि टीव्हीकडून फक्त साथ आणि शब्द. स्पीकरवर 'MIC' लिहिलेलं जाड पिनचं छिद्र असतं, माइकची वायर तिथे जाते. सोबत आलेला बिनतारी माइकही चालतो, कारण तो आपल्या रिसीव्हरशी किंवा स्पीकरशी थेट बोलतो आणि त्याचा उशीर सहसा जाणवण्याइतका नसतो. टीव्हीच्या हेडफोनच्या छिद्रातून एक बारीक पिनची वायर स्पीकरच्या 'AUX' मध्ये घाला. ती घातली की बहुतेक टीव्हींचा स्वतःचा आवाज बंद होतो, आणि तेच बरं. हेडफोनचं छिद्र नसेल तर टीव्हीच्या 'OPTICAL' मधून आवाज घेऊन तो डिजिटलचा अ‍ॅनालॉग करणारा छोटा डबा मध्ये लावावा लागतो. त्यासाठी टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये 'PCM' निवडायचं. ते राहिलं तर डबा मुका राहतो किंवा खरखरतो आणि आपण उगाच वायर बदलत बसतो. सगळं जोडल्यावर घूं असा आवाज येत राहिला, तर टीव्ही आणि स्पीकर एकाच बोर्डावर लावून पाहा.

वायर ओढायची नसेल तर टीव्हीची साथ ब्लूटूथने स्पीकरवर नेली तरी चालतं, फक्त माइक थेट हवा. अशा वेळी साथ पडद्याच्या किंचित मागे राहते, म्हणजे शब्दांचा रंग आधी बदलतो आणि सूर नंतर येतो. गाणाऱ्याने कानाने चालावं, पडद्याने नाही. शब्द थोडे आधी दिसले तर नवख्याला उलट सोयच होते.

आता शिट्टी. स्पीकरमधला आवाज माइकमध्ये शिरतो, मोठा होऊन पुन्हा स्पीकरमधून येतो, पुन्हा माइकमध्ये, आणि कानठळ्या बसतात. बारा बाय पंधराच्या हॉलमध्ये स्पीकर टीव्हीखाली ठेवला आणि मंडळी टीव्हीकडे तोंड करून बसली, तर मांडणी आपोआप बरी होते. हातातल्या नेहमीच्या माइकला समोरचं जास्त ऐकू येतं आणि पाठीमागचं कमी. गाणारा टीव्हीकडे पाहत असला की माइकची पाठ स्पीकरकडे येते. घोळ होतो तो माइक खाली सोडल्यावर किंवा काकांनी नेत्यासारखी त्याची जाळी मुठीत धरल्यावर. जाळी झाकली की माइकला सगळीकडचं ऐकू येऊ लागतं आणि शिट्टी लगेच वाजते. माइक ओठांपासून तीन-चार बोटांवर धरा. अंतर दुप्पट केलं तर आवाज ६ डेसिबलने उतरतो, मग कुणीतरी बटण वाढवतं आणि पुन्हा शिट्टी.

याच कारणाने दहा-बारा जणांच्या मध्ये एक माइक उभा करून सामुदायिक भजन करू नये. तोंडं लांब, टाळ जवळ, त्यामुळे माइकमध्ये नुसती झांज भरते. माइक मुख्य गाणाऱ्याकडे द्यावा, बाकीच्यांनी मोकळ्या गळ्याने ओढावं. घरात पेटी आणि टाळांना माइकची गरज नसते. इको घड्याळातल्या नऊच्या काट्याइतकाच ठेवा. त्यापुढे शब्द एकमेकांत मिसळतात आणि बेसूरपणा झाकला गेल्याचा फक्त भास होतो.

सगळ्यात कमी विचार होतो तो पट्टीचा. समजा साथ काळी चारची आहे, आईला ती सोयीची आहे आणि बाबांचा गळा काळी एकचा. बाबांसाठी ती सात स्वर खाली किंवा पाच स्वर वर न्यावी लागेल. काही स्पीकरवर आणि मोबाइलच्या अ‍ॅपवर पट्टी बदलायचं 'KEY' बटण असतं, पण दोन-तीन स्वरांपलीकडे ओढलं की तबला डबा वाजल्यासारखा येतो. यूट्यूबचा वेग कमी करून पट्टी उतरत नाही, फक्त गाणं रेंगाळतं. त्यापेक्षा बाबांनी तयार साथ सोडून अ‍ॅपवरचा तानपुरा काळी एकला लावावा आणि ठेका हाताने धरावा.

आरतीला तर तयार साथ लावूच नये, असं माझं मत आहे. घरची आरती कधी रेंगाळते, कधी धावते, कापूर विझला तर थांबतेही. टीव्हीतला ढोलकीवाला कुणासाठी थांबत नाही, आणि ऐन रंगात जाहिरात आली तर मग विचारू नका. टीव्हीवर नुसते शब्द ठेवावेत. आरतीच्या पुस्तकाचं पान आडवं करून, एका वेळी पाच-सहा ओळी मावतील एवढ्या मोठ्या अक्षरात मोबाइलवरून पडद्यावर टाकलं, की मागे बसलेल्या आजोबांनाही चष्मा पुसावा लागत नाही. काही टीव्ही स्थिर चित्र पाहून थोड्या वेळाने स्क्रीनसेव्हरवर जातात, ते सेटिंग आधीच बंद करा.

आवाजाला भिंत अडवते, पण खर्ज म्हणजे बेस तिच्यातून आरपार जातो. स्पीकर शेजाऱ्यांच्या सामायिक भिंतीला टेकवू नका आणि बेस उतरवा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत रहिवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्र १० वाजता सुरू होते. तेव्हा दहाला स्पीकर बंद करा. त्यानंतर कुणाला म्हणायचंच असेल तर पेटी आहेच.