बोनस शेअरने भांडवल वाढते का?

समजा, एका कंपनीने १० रुपये दर्शनी किमतीचे १ लाख शेअर ५० रुपयांना विकले. १० लाख रुपये भागभांडवलात जातात आणि उरलेले ४० लाख सिक्युरिटीज प्रीमियम खात्यात. हा नफा नव्हे, म्हणून त्यातून लाभांश वाटता येत नाही.

पुढे एकास एक बोनस दिला, तर प्रीमियममधले १० लाख भांडवलात सरकतात. आता भांडवल २० लाख, प्रीमियम ३० लाख; बेरीज ५० लाखच. नवा पैसा आलेलाच नाही. मात्र मालमत्तेच्या पुनर्मूल्यांकनातून झालेला राखीव निधी बोनससाठी कायद्याने चालत नाही.

स्प्लिटमध्ये एवढीही हालचाल नसते. दर्शनी किंमत २ रुपये केली, की शेअर पाचपट होतात, खाती तशीच राहतात. दोन्हींत बाजारभाव त्या प्रमाणात उतरतो. म्हणून केवळ बोनसच्या बातमीवर शेअर घेऊ नका.