रात्री एकच साइट का रखडते?

रात्री नऊला चित्रपट लावावा, तर चित्र अस्पष्ट होतं आणि मध्येच थांबतं. त्याच वेळी बातम्या, बँक, ईमेल सगळं झटकन उघडतं. वेग मोजला तर तोही पूर्ण भरतो. राउटर बंद-चालू करून इथे काही होत नाही, कारण अडचण घरात नसतेच.

2014 साली अमेरिकेत व्हेरायझन कंपनीचं इंटरनेट घेतलेल्या अनेकांना नेटफ्लिक्सबाबत हेच दिसत होतं. एका ग्राहकाचं कनेक्शन 75 मेगाबिटचं होतं, पण नेटफ्लिक्स त्याला सेकंदाला जेमतेम 375 किलोबिट मिळत होतं. त्याने व्हीपीएन सुरू केलं आणि वेग 3000 किलोबिटवर गेला. घर तेच, तार तीच. बदलला होता फक्त मधला मार्ग.

आपल्या कंपनीचं जाळं इतर जाळ्यांना ठरावीक ठिकाणी जोडलेलं असतं. तेव्हा या जोडणीतलं एकेक पोर्ट साधारण 10 गिगाबिटचं असे. प्रत्येक प्रेक्षकाला 3 मेगाबिट धरले, तर अशा पोर्टवरून सुमारे 3300 जण एकाच वेळी चित्रपट पाहू शकतात. रात्री त्याहून जास्त जण आले की माहितीची पाकिटं गळू लागतात, पाठवणारा सर्व्हर वेग कमी करतो आणि अॅप चित्राचा दर्जा उतरवतं. बँकेची साइट दुसऱ्या जोडणीवरून येत असल्याने तिला याची झळ लागत नाही. व्हीपीएनची वाहतूकही अशाच मोकळ्या जोडणीवरून आत आली होती.

जुलै 2014 मध्ये व्हेरायझनने लॉस एंजेलिसच्या एका ग्राहकापर्यंतचा मार्ग जाहीर केला. कंपनीच्या आतल्या जाळ्यात जागा होती, सीमेवरची जोडणी मात्र तुडुंब भरली होती. नेटफ्लिक्सनेच गर्दीचे मार्ग निवडले, असं कंपनीचं म्हणणं. ती वाहतूक आणणाऱ्या लेव्हल 3 कंपनीने उत्तर दिलं की मग तिथे आणखी पोर्ट जोडा, हवं तर कार्डांचे पैसे आम्ही देतो. म्हणजे उपाय अवघड नव्हता, वाद खर्च कोणी सोसायचा याचा होता. वेगाचे पैसे आधीच भरलेल्या ग्राहकाला त्यात भरडणं मला अन्यायाचं वाटतं.

हाच दोष आहे का, हे ताडता येतं. नेहमीची वेगचाचणी बहुधा जवळचा, कधी कंपनीच्याच जाळ्यातला सर्व्हर निवडते, म्हणून ती निर्दोष दिसते. नेटफ्लिक्सची 2016 पासूनची fast.com मात्र नेटफ्लिक्सच्याच सर्व्हरवरून माहिती घेते. दोन्ही आकडे रात्री आणि पहाटे घेऊन पाहावेत. व्हीपीएनने वेग वाढला, तरी तेवढ्यावरून जोडणी भरल्याचं सिद्ध होत नाही. कंपनी मुद्दाम वेग रोखत असेल, तरीही तसंच दिसेल. पण रोज गर्दीच्या वेळी संथ आणि पहाटे सुरळीत, असं चालत असेल तर संशय जोडणीवर जातो. खात्रीचा पुरावा, म्हणजे संध्याकाळी चढून पठारासारखा सपाट होणारा वाहतुकीचा आलेख, कंपनीकडेच असतो. तक्रार करताना हे आकडे वेळेसह द्यावेत आणि तक्रार नेटवर्क विभागाकडे पाठवायला सांगावं, कारण फोन उचलणारा कर्मचारी सहसा तुमच्या घरापर्यंतची लाइनच तपासतो.