ताशी पावणेचार मिलिलीटर

जंतुसंसर्गाने रक्तदाब कोसळलेल्या रुग्णाला आयसीयूत बहुतेक वेळा नॉरअ‍ॅड्रेनॅलिन लावतात. डॉक्टर कागदावर लिहितात, दर किलो वजनामागे मिनिटाला ०.१ मायक्रोग्रॅम. साध्या सिरिंज पंपाला मात्र ना किलो कळतो ना मायक्रोग्रॅम. तासाला किती मिलिलीटर ढकलायचे, एवढेच त्याला सांगावे लागते. मधला हिशेब सिस्टरचा.

समजा रुग्णाचे वजन ५० किलो आहे. म्हणजे मिनिटाला ५ मायक्रोग्रॅम आणि तासाला, साठने गुणून, ३०० मायक्रोग्रॅम औषध जायला हवे. आता सिरिंजकडे पाहायचे. दोन मिलिलीटरच्या अँप्यूलमध्ये २ मिलिग्रॅम औषध, अशी दोन अँप्यूल घेतली की ४ मिलिग्रॅम, म्हणजे ४,००० मायक्रोग्रॅम झाले. त्यात ५ टक्के डेक्स्ट्रोज घालून एकूण ५० मिलिलीटर केले, तर प्रत्येक मिलिलीटरमध्ये ८० मायक्रोग्रॅम येतात. ३०० भागिले ८०, उत्तर ३.७५. पंपावर हाच आकडा. (डेक्स्ट्रोज इथे ४६ मिलिलीटरच लागते, ५० घातले तर द्रावण ५४ होते आणि पातळ पडते.)

गणित चौथीतले, पण ते करायचे असते रक्तदाब घसरत असताना. म्हणून उत्तर उलटे फिरवून पाहणे बरे: ३.७५ गुणिले ८० म्हणजे ३००, भागिले साठ म्हणजे ५, भागिले ५० किलो म्हणजे ०.१. शिवाय अंदाजही हवा. या वेगाने सिरिंज तेरा तासांहून जास्त पुरते. दशांशचिन्ह सरकून ३७.५ पडले, तर तीच सिरिंज दीड तासही टिकणार नाही. साठने गुणायचे राहिले, तर उत्तर ०.०६२५ येते. इतका क्षुल्लक वेग दिसला की हात थांबायलाच हवा.

माझ्या मते खरा धोका भागाकारात नाही, सिरिंजमध्ये आहे. द्रव कमी जावा म्हणून कधी चार अँप्यूल घालून दुप्पट तीव्रतेची सिरिंज भरतात. ड्यूटी बदलली, नवी सिरिंज लागली आणि वेग मात्र ३.७५ च राहिला, तर डोस गुपचूप दुप्पट होतो. पंप वाजत नाही, कारण त्याच्या दृष्टीने काहीच बिघडलेले नसते. बिघाड दिसतो तो मॉनिटरवर, रक्तदाब एकाएकी चढतो तेव्हा. वजन आणि तीव्रता विचारून स्वतः हिशेब करणारे पंपही आहेत. पण सिरिंजमध्ये प्रत्यक्षात काय भरले आहे, हे त्यांनाही दिसत नाही. त्यासाठी तीव्रता लिहिलेले लेबलच लागते.

अँप्यूलवरचा मजकूरही नीट वाचावा लागतो. नॉरअ‍ॅड्रेनॅलिन बाटलीत बायटारट्रेट क्षाराच्या रूपात येते, आणि २ मिलिग्रॅम मूळ औषधासाठी सुमारे ४ मिलिग्रॅम क्षार लागतो. ऑर्डर मूळ औषधाची असताना कुणी क्षाराचा आकडा धरला, तर वेग १.८७५ निघतो. हिशेब बिनचूक, उलटतपासणीही जुळते, आणि रुग्णाला निम्माच डोस मिळतो.